बाबा गेले, जॉइंट खात्यातले पैसे काढायचे कुणी आणि ते कुणाचे?

माझे बाबा ११ जानेवारी २०२४ ला गेले. त्यांच्या नावाचं बँकेतलं बचत खातं आणि एक मुदत ठेव, दोन्हीत दुसरं नाव माझं होतं. नॉमिनी म्हणून मोठ्या भावाचं नाव होतं. धाकट्या भावाचं नाव कुठेच नव्हतं आणि आईचंही नव्हतं. हे पैसे सुटून चौघांच्या हातात पडेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. या काळात बँकेत, वकिलाकडे आणि घरात मला जे कळलं ते इथे लिहून ठेवते. आमच्या राळेगाव तालुक्यात अशी खाती घरोघरी आहेत. म्हाताऱ्या माणसाला बँकेत नेणारं जे कुणी असतं, त्याचं नाव सोबत लावून टाकतात आणि माणूस गेल्यावर कुणाला काही कळत नाही.

आमचं खातं असंच झालं होतं. बाबांनी तालुक्याच्या गावी स्वतःच्या कमाईतून घेतलेला प्लॉट २०२३ मध्ये विकला. त्यातले सहा लाख पंधरा महिन्यांसाठी ठेवीत टाकले, बाकीचे बचत खात्यात राहू दिले. माझं सासर बँकेपासून जवळ आहे आणि बचत गटाच्या कामासाठी माझं तिथे जाणंयेणं असतं, म्हणून त्यांनी माझं नाव घातलं. पैसे त्यांचेच होते. माझा त्यात एक रुपयाही नव्हता. पुढचं सगळं समजायला ही गोष्ट महत्त्वाची आहे.

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायची असते. ती तेरवीच्या आधीच केली आणि दाखल्याच्या सहा प्रती घेतल्या. बँकेत एक, ठेवीसाठी एक, तलाठ्याकडे फेरफारासाठी एक, असं करत सहाही लागल्या. दाखल्यावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव अक्षराला अक्षर जुळतं का, ते ग्रामपंचायतीतून निघायच्या आधीच पाहून घ्या. गावात बोलावतात एक नाव, आधारवर असतं दुसरं, आणि बँक तिथेच अडवते.

५ फेब्रुवारीला मी बँकेत गेले. सगळ्यात आधी बाबांच्या नावचं एटीएम कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला. कार्ड मोठ्या भावाच्या घरी होतं आणि पिन सगळ्यांना ठाऊक होता. दादावर संशय म्हणून मी हे केलं नाही. पण गेलेल्या माणसाच्या कार्डाने एकदा पैसे निघाले, की पुढे हिशेबात प्रत्येकाच्या मनात शंका बसते. मी स्वतःही त्या दिवशी एक पैसा काढला नाही.

काउंटरवर कळलं की दादा तीन दिवस आधीच येऊन गेला होता. नॉमिनी तोच असल्याने पैसे त्याला मिळतील, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मलाही तिथल्या माणसाने तेच सांगितलं, "नॉमिनी भाऊ आहे ना, त्याला घेऊन या." मी शाखाधिकाऱ्यांना खाते उघडण्याचा मूळ अर्ज दाखवायची विनंती केली. पासबुकावर व्यवहाराचा प्रकार एखाद्या आखूड शब्दात किंवा कोडमध्ये छापलेला असतो, आणि आमच्या पासबुकावर तर शाईच उडाली होती.

अर्ज निघायला आठवडा गेला. पिवळा पडलेला कागद, त्यावर आम्हा दोघांचे फोटो, बाबांची थरथरती सही आणि तिच्या वरच्या चौकटीत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' या ओळीसमोर बरोबरची खूण. म्हणजे दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकतो, आणि एक गेला तर मागे राहील तो. पूर्ण प्रकरणात मला सगळ्यात जास्त आधार त्या खुणेचा झाला.

ही खूण तीन प्रकारची असू शकते आणि प्रत्येकीचा परिणाम वेगळा असतो. आमच्यासारखी असेल, तर मागे राहिलेल्या खातेदाराला बँक पैसे देते. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल, तर पहिला खातेदार असेपर्यंत एकटा तोच व्यवहार करतो आणि तो गेल्यावर दुसऱ्याला हक्क मिळतो. पण 'जॉइंटली' म्हणजे दोघांच्या सहीने, असं लिहिलेलं असेल, तर मागे राहिलेला एकटा काहीच करू शकत नाही. त्याच्या सहीसोबत गेलेल्या माणसाच्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. आमच्याच गावात एका घरी हाच प्रकार होता, तिथे एका वारसाने सही दिली नाही आणि पैसे अडकून राहिले.

दादाच्या नॉमिनीचं उत्तरही त्याच अर्जात होतं. जॉइंट खात्यात नॉमिनीचा हक्क सगळे खातेदार गेल्यानंतरच सुरू होतो. मी जिवंत आहे तोवर त्या नावाला बँकेकडून पैसे घेता येत नाहीत. शाखाधिकाऱ्यांनी हे दादाला फोनवर नीट समजावलं. त्याला पटलं नाही, पण त्याने पुन्हा अर्ज केला नाही.

तोवर धाकट्या भावाने बँकेत साध्या कागदावर हरकत दिली होती. 'सर्व वारसांच्या संमतीशिवाय ही रक्कम कोणालाही देऊ नये', आणि खाली सही. त्याची पोच त्याने घेतली होती. मी पैशांसाठी अर्ज भरायला गेले तेव्हा शाखाधिकारी म्हणाले, आता वाद आहे, तुम्ही कोर्टातून वारस प्रमाणपत्र आणा, मग बघू.

घरी आले तर धाकटा ओसरीवर बसलेला. त्याला मी 'बापू' म्हणते.

"ताई, बँकवाला म्हणते का पैसा तुलेच भेटन. मंग आमचं काय? बाबाच्या दवाखान्याचे छत्तीस हजार म्या भरले."

"भेटन मले, पण मायासाठी नाही भेटत रे," मी म्हटलं. त्याचा विश्वास बसेल असं तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि हिस्सा तर तिचाही होता.

फेब्रुवारीच्या शेवटी मी तालुका कोर्टातल्या एका वकीलबाईंकडे गेले. सल्ला आणि बँकेला द्यायचं पत्र मिळून त्यांनी तीन हजार घेतले. त्यांनी दोन प्रश्न वेगळे करून सांगितले, आणि मला वाटतं आमच्याकडची निम्मी भांडणं हे दोन एकत्र केल्यामुळेच होतात. पहिला प्रश्न, बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे? दुसरा प्रश्न, ते पैसे शेवटी कुणाच्या मालकीचे? बँकेला फक्त पहिल्याचं उत्तर द्यायचं असतं.

पहिल्यासाठी तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ९ जून २००५ चं परिपत्रक होतं. सर्व्हायव्हरची अट असलेल्या खात्यात बँकेने मृत्यूचा दाखला आणि मागे राहिलेल्याची ओळख तपासायची, कोर्टाची मनाई नाही ना ते पाहायचं आणि पैसे द्यायचे. रक्कम कितीही असली तरी वारस प्रमाणपत्र किंवा जामीनपत्र मागायचं नाही. कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा. त्याच परिपत्रकात पुढे हेही होतं, की हे पैसे मागे राहिलेला माणूस वारसांचा विश्वस्त म्हणून घेतो, आणि ही गोष्ट बँकेने त्याला स्पष्ट सांगायची. बँक मोकळी होते, पण वारसांचा माझ्यावरचा हक्क कायम राहतो.

मग बापूच्या हरकतीचं काय? बँकिंग नियमन कायद्याच्या ४५झेडबी कलमात असं आहे, की खातेदाराखेरीज दुसऱ्या कुणाच्या दाव्याची नुसती नोटीस बँकेवर बंधनकारक नाही. पण सक्षम कोर्टाचा आदेश, हुकूमनामा किंवा प्रमाणपत्र समोर आलं, तर बँकेला त्याची दखल घ्यावीच लागते. म्हणजे भाऊ-बहिणीला खरोखर पैसे थांबवायचे असतील, तर साध्या कागदाने भागत नाही. दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा लावून त्यात तात्पुरत्या मनाईचा अर्ज करावा लागतो. आमच्या बाबतीत असा कुठलाच आदेश नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वकीलबाईंनी कागदावर चार रेघा ओढून दिलं. बाबांचं मृत्युपत्र नाही, पैसे त्यांच्या स्वतःच्या कमाईचे, म्हणून हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गातले वारस सारख्या वाट्याचे: आई, दोन भाऊ आणि मी. बाबांची आई हयात असती तर तिचाही एक वाटा लागला असता. मुलीच्या लग्नात खर्च झाला म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही, आणि खात्यात नाव आहे म्हणून वाढतही नाही. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ च्या सरबती देवी प्रकरणात आणि बँक खात्याच्या बाबतीत २०१० च्या रामचंदर तलवार प्रकरणात सांगितलेलं आहे, असंही त्या म्हणाल्या. दादाला पुढे हीच दोन नावं सांगितली.

मी तलाठ्याच्या वारस नोंदीबद्दल विचारलं, कारण गावात सगळे म्हणत होते की सातबाऱ्यावर नावं चढली म्हणजे झालं. ती नोंद जमिनीच्या महसुली कागदासाठी. बँकेतल्या पैशाच्या मालकीचा निकाल तिने लागत नाही. वारस कोण कोण, हे बँकेला दाखवायला तिचा उपयोग होतो, एवढंच. आणि बँक मागत होती ते कोर्टाचं वारस प्रमाणपत्र भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या ३७२ कलमाखाली मिळतं. त्यासाठी अर्ज, बाकीच्या वारसांना नोटीस, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी लागते. कुणी हरकत घेतली तर ते लांबतं. ज्यांचं खातं 'जॉइंटली' आहे आणि वारसांचं जमत नाही, त्यांना त्या वाटेने जावंच लागतं. आम्हाला त्याची गरज नव्हती.

४ मार्चला मी दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, माझं आधार, पॅन आणि मूळ पासबुक दिलं. सोबत वकीलबाईंचं एक पानी पत्र जोडलं, त्यात परिपत्रकाची तारीख आणि कलमाचा आकडा होता. प्रत्येक कागदाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर शिक्का, तारीख आणि सही घेतली. हे करताना लाजू नका. शिपाई म्हणतो 'ठेवून जा', पण पोच नसेल तर १५ दिवस मोजायचे कुठून?

पंधरा दिवस गेले, शाखेतून काही आलं नाही. शाखाधिकारी वाईट माणूस नव्हते. त्यांना भीती होती की उद्या धाकटा भाऊ त्यांनाच कोर्टात ओढेल. २६ मार्चला मी बँकेच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार पाठवली, रजिस्टर पोस्टाने. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. cms.rbi.org.in वर तक्रार भरायची, फी लागत नाही. पण आधी बँकेकडे तक्रार केलेली असणं आवश्यक आहे, थेट गेलं तर परत पाठवतात. मला तिथवर जावं लागलं नाही. एप्रिलच्या मध्यावर विभागीय कार्यालयातून शाखेला पत्र आलं आणि मला बोलावणं आलं.

बँकेने माझ्याकडून एका छापील कागदावर सही घेतली, की ही रक्कम मी कायदेशीर वारसांची विश्वस्त म्हणून स्वीकारत आहे. त्याची प्रत मी मागून घेतली. पैसे घ्यायला मी माझं जुनं खातं दिलं नाही. त्यात बचत गटाचे आणि घरचे व्यवहार होते. माझ्या एकटीच्या नावाने नवं बचत खातं काढलं आणि १,६२,४०० रुपये त्यात घेतले. दुसऱ्यांचे पैसे आपल्या हातात असतील तेव्हा ते वेगळ्या खात्यात असणं फार उपयोगी पडतं. हिशेब मागितला की नवं पासबुक पुढे करायचं.

ठेवीचं मात्र तेव्हा झालं नाही. ठेवीच्या अर्जावर आणखी एक चौकट होती: एक खातेदार गेला, तर दुसऱ्याला मुदतीआधी ठेव मोडता येईल का? ती रिकामी होती. दोघांनी मिळून तशी संमती दिलेली नसेल, तर मागे राहिलेल्याला मुदतीआधी मोडायला गेलेल्याच्या वारसांची संमती लागते. मुदत संपल्यावर मात्र सर्व्हायव्हर म्हणून रक्कम मिळते. आमची मुदत १९ ऑक्टोबरला संपणार होती. ज्यांच्या घरी अशी ठेव आहे आणि दोघंही हयात आहेत, त्यांनी बँकेत जाऊन ती चौकट भरून घ्यावी, दहा मिनिटांचं काम आहे.

बचत खात्याचे पैसे आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दादाला आणि बापूला आईकडे बोलावलं. वकीलबाई स्वतः आल्या, त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यांनी बापूला सरळ सांगितलं, की तू कोर्टात जाऊ शकतोस, तो तुझा अधिकार आहे, पण तिथे सगळं सिद्ध झालं तरी वाटा चौथाच मिळेल. दवाखान्याच्या बिलांच्या पावत्या त्याने आणल्या होत्या. त्या सगळ्यांनी पाहिल्या आणि ३६,००० आधी त्याला द्यायचे ठरले. दादा म्हणाला, "तुयं लग्न बाबानं जमीन गहाण ठेवून केलं होतं." मी म्हटलं, "हो दादा, मले ठावं आहे. त्याचा हिशेब तुले करायचा असन तर तुया शिक्षणाचाही करावा लागन." त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आईच बोलली, "पोरगीही माया पोटचीच होय. चार वाटे करा, अन् माया वाटा माया हातात द्या."

मे महिन्यात आम्ही ते कागदावर आणलं. १०० रुपयांचा मुद्रांक, टायपिंग आणि नोटरी मिळून पाचशेच्या आत झालं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात असा मुद्रांक ५०० रुपयांचा लागतो, तेवढं धरून चला. कागदात चौघांची नावं, खातं आणि ठेवीचा क्रमांक, वाटे, दवाखान्याची वजावट आणि ठेवीची मुदत संपल्यावर किती दिवसांत मी पैसे देईन, हे सगळं लिहिलं. आईचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेतला आणि त्याआधी कागद तिला मोठ्याने वाचून दाखवला. बापूने त्याच कागदाची प्रत जोडून बँकेतली हरकत लेखी मागे घेतली. ठेव लगेच मोडण्यापेक्षा मुदतीपर्यंत व्याज घ्यावं, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

बचतीच्या १,६२,४०० मधून दवाखान्याचे ३६,००० बापूला दिले. उरलेल्या १,२६,४०० चे चार वाटे, प्रत्येकी ३१,६००. रोख कुणाच्याच हातात दिली नाही, सगळं खात्यावर टाकलं. आईचं खातं व्यवहार नसल्याने बंद पडलं होतं, ते केवायसी करून चालू करायला आठवडा लागला. म्हणून आईचे पैसे शेवटी गेले.

१९ ऑक्टोबरला शनिवार होता, सोमवारी मी ठेवीची मूळ पावती घेऊन गेले. या वेळी कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ६,५३,६०० रुपये माझ्या त्या नव्या खात्यात आले. प्रत्येकी १,६३,४०० झाले. आधीचे धरून प्रत्येकाच्या वाट्याला १,९५,००० आले. सोयाबीन बाजारात गेलेलं होतं, कापूस वेचणीला आला होता, आणि दिवाळीच्या आधी चौघांच्या खात्यावर पैसे पोचले. चारही व्यवहारांच्या पावत्या मी त्या नोटरीच्या कागदाला टाचून ठेवल्या आणि ते नवं खातं बंद केलं.

आता नियमही थोडे पुढे गेले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मयत ग्राहकांच्या दाव्यांबद्दल नवे निर्देश काढले, बँकांनी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायचे होते. १५ दिवसांची मुदत तीच आहे, पण बँकेमुळे उशीर झाला तर ठेवीवर बँकेने भरपाईचं व्याज द्यायचं, असं त्यात आहे. माझ्या वेळी हे असतं तर मार्चमधल्या पत्रात मी ते नक्की लिहिलं असतं.

आईने तिच्या पैशातले दीड लाख ठेवीत टाकले. बँकेत तिला विचारलं, सोबत कुणाचं नाव लावायचं? ती म्हणाली कुणाचंच नको. ठेव तिच्या एकटीच्या नावावर आहे, नॉमिनी मी आहे, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे तिने तिथेच दोन्ही भावांना फोन करून सांगितलं.